खिडकीपासून तीन फुटांवर

गेल्या श्रावणात ठाण्याहून भाचीचा फोन आला. ‘मामा, बाळ नऊ दिवसांचं झालंय. परवा बारसं. त्याच्या आधी चांगले फोटो काढायचेत, पण स्टुडिओत नाही न्यायचं, घरीच काढायचे. आणि ते हनुवटी हातांवर टेकवून झोपलेलं बाळ असतं ना, तसा एक हवाच.’

लग्नमुंजींचे फोटो काढण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. तान्ह्या बाळांकडे मी अलीकडे वळलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन पोहोचलो, आणि काय काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे ठरवण्यातच पहिला तास गेला. घरी तान्ह्याचे फोटो काढू पाहणाऱ्या कुणालाही त्या सकाळचा उपयोग होईल, म्हणून ती सविस्तर सांगतो. भाचीनं बरेच फोटो मोबाइलवर काढले, मी कॅमेऱ्यावर काढले. दोन्हींचा निकाल सारखाच चांगला आला, कारण प्रकाश एकच होता.

खिडकी कोणती?

घराला दोन मोठ्या खिडक्या. बेडरूमची उत्तरेला, हॉलची पूर्वेला. पुस्तकी उत्तर सोपं आहे: उत्तरेची खिडकी घ्या. तिच्यातून थेट ऊन जवळजवळ येत नाही, आकाशाचा मऊ उजेड दिवसभर सारखा येतो. पण समोरच्या इमारतीला नुकताच पोपटी रंग दिलेला होता. मी खिडकीजवळ पांढरं दुपटं धरलं, फोटो काढला आणि भाचीला दाखवला. दुपट्यावर हिरवट झाक स्वच्छ दिसत होती. डोळ्यांना ती जाणवत नाही, कारण मेंदू पांढऱ्याला पांढरंच मानून चालतो. कॅमेरा मात्र समोरच्या भिंतीचा रंग बाळाच्या गालावर आणून ठेवतो. घरातल्या गडद रंगाच्या भिंती आणि चमकदार पडदेही हेच करतात. म्हणून बाळ आणण्याआधी पांढऱ्या कापडाची ही परीक्षा घ्यावी.

हॉलच्या खिडकीतून सकाळी आठला गजांच्या सावल्यांसकट ऊन आत येत होतं. त्या उन्हात बाळाला ठेवणं दोन्ही अंगांनी चूक. नाजूक त्वचेला आणि डोळ्यांना ते सोसत नाही, आणि फोटोत अर्धा चेहरा पांढराफटक, अर्धा काळा येतो. पण अकराच्या सुमारास सूर्य वर चढला, छज्जाच्या आड गेला आणि ऊन खिडकीखालच्या हातभर पट्ट्यात येऊन थांबलं. आता आत येत होता तो फक्त आकाशाचा उजेड. त्यावर ताईनं, म्हणजे बाळाच्या आजीनं, एक जुनं पांढरं धोतर पडद्यासारखं टांगलं. एवढीच आमची प्रकाशयोजना.

खोलीतली ट्यूब आणि दिवे बंद केले. घरचे लोक हे हमखास विसरतात. ‘उजेड कमी पडेल’ म्हणून दिवा लावतात, मग खिडकीकडचा गाल निळसर आणि दिव्याकडचा पिवळा येतो, आणि ते नंतर कशानंही दुरुस्त होत नाही. फ्लॅशही बंद. फ्लॅशनं बाळाचे डोळे बिघडतात म्हणून नव्हे. त्यानं चेहरा सपाट दिसतो आणि झोपलेलं बाळ दचकतं म्हणून.

बाळ नाही, गादी फिरवायची

गादी जमिनीवर घातली. पलंगावर नाही, टेबलावर नाही, सोफ्यावर तर नाहीच. नऊ दिवसांचं बाळ पालथं होत नसलं, तरी पाय झाडत सरकतं आणि दचकलं की हात फेकतं. जमिनीवरून ते कुठे पडणार नाही.

भाचीनं गादी नेऊन थेट खिडकीला चिकटवली. वाटतं की खिडकीच्या जितकं जवळ तितका उजेड जास्त. पण खिडकीची चौकट जमिनीपासून तीन फूट उंच होती, त्यामुळे भिंतीलगत तिच्या खालची जागा सावलीतच होती. गादी भिंतीपासून सुमारे तीन फूट मागे ओढली आणि उजेड बरोबर तिच्यावर उतरला. फार मागे नेली असती तर उजेड कमी झाला असता, आणि तेवढाच कडकही. खिडकी लांब गेली की बाळाच्या दृष्टीनं ती लहान होते, आणि लहान खिडकीची सावली धारदार पडते.

आता दिशा. बाळाचं डोकं खिडकीकडे, पाय खोलीकडे, आणि सगळं शरीर जरा तिरकं. घड्याळात खिडकी बाराला धरली तर डोकं दीडच्या आसपास. असं ठेवल्यावर उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरतो आणि एका गालावर हलकी सावली राहते. बरोबर जमलंय की नाही हे नाकाकडे पाहून कळतं. नाकाची सावली ओठांच्या बाजूला, खाली पडली पाहिजे. ती डोळ्यांकडे, वर चढत असेल, तर पाय खिडकीकडे झालेत. हनुवटीखाली टॉर्च धरल्यावर चेहरा जसा भुतासारखा दिसतो, तसंच बाळ त्या उजेडात दिसतं. घरी काढलेल्या फोटोंत ‘काहीतरी बिघडलंय’ असं वाटतं ना, तेव्हा बहुतेकदा हेच बिघडलेलं असतं.

उपाय मात्र बाळाची मान वळवण्याचा नाही. गादीचं टोक धरायचं आणि, बाळावर एकाचा हात असताना, दुसऱ्यानं बाळासकट ती हळूच फिरवायची. त्या सकाळी आम्ही गादी चार वेळा फिरवली आणि बाळाला झोपेत फक्त दोनदा उचललं. गादी फिरवली की उजेड बदलतो, उजेड बदलला की फोटो बदलतो, आणि बाळाला पत्ताही लागत नाही.

सावलीचा गाल जरा जास्तच काळा वाटला, तेव्हा त्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाकून खुर्ची दोन फुटांवर ठेवली. खिडकीचा उजेड चादरीवरून परतून गालावर आला. चादर जवळ आणली की सावली निवळते, लांब नेली की गडद होते.

अंघोळीनंतरची वेळ

फोटो पाचव्या ते चौदाव्या दिवसांत काढावेत असं सांगतात, त्याला कारण आहे. या दिवसांत बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं आपणहून आखडून पडतं. पण चौदावा दिवस टळला म्हणून काही बिघडत नाही. महिन्याच्या बाळाचे उघड्या डोळ्यांचे फोटो वेगळे आणि तितकेच छान येतात. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजन कमी असेल किंवा तब्येतीची काही तक्रार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाई करू नये.

दिवसातली वेळ आपल्याकडे आयतीच मिळते. मालीशवाल्या बाई येऊन गेल्या, अंघोळ झाली, बाळ पोटभर प्यायलं, ढेकर काढून झाला. दोन गोष्टी मात्र बदलाव्या लागल्या. त्या दिवशी धुरी दिली नाही. धूर उजेडात फोटोला छान दिसतो, पण तान्ह्याच्या फुप्फुसांना तो नको. आणि अंगावर राहिलेलं तेल मऊ कापडानं टिपून घेतलं, कारण तेलकट कपाळावर खिडकी पांढऱ्या डागासारखी चमकते.

बाळाचा डोळा लागताच कपडे बदलायला घेऊ नयेत. सुरुवातीची झोप उथळ असते: पापण्यांखाली बुबुळं हलतात, ओठ चोखतात, मध्येच हसू येतं. ते हसू टिपावं, पण बाळाला हात लावू नये. पंधरा-वीस मिनिटांनी मुठी सैल पडतात. हात अलगद उचलून सोडला की तो मऊ कापडासारखा खाली येतो. तेव्हा झोप गाढ झालेली असते आणि दुपटं बदलता येतं. एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. बाळानं दोन्ही हात फेकले, बोटं पसरली आणि पुन्हा अंगाशी घेतली. जन्मजात दचकणं आहे ते, सगळ्या तान्ह्यांत असतं. ताईनं गॅस बंद केला, भाचीनं तळहात बाळाच्या छातीवर ठेवला, आणि अर्ध्या मिनिटात ते पुन्हा शांत झालं.

पंखा बंद होता. अंघोळीनंतर आणि कपडे कमी असताना तान्हं लवकर गारठतं, म्हणून खोली सव्वीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत उबदार असावी. फोटो काढणाऱ्याला थोडा घाम येत असेल तर बहुधा ठीक आहे. बाळाचा अंदाज हातापायांवरून घेऊ नये, ते एरवीही जरा गारच असतात. छाती किंवा मानेची मागची बाजू चाचपावी. तिथे गार लागलं तर पांघरावं, घाम किंवा लाली दिसली तर एक थर काढावा. शेगडी किंवा हीटर गादीजवळ आणू नये.

सुपाची परीक्षा

सजावटीचं सामान बाळंतविड्यातच होतं. मऊ झबलं, टोपडं, मलमलचं दुपटं आणि पणजीच्या लुगड्यांची गोधडी. एवढं पुरतं. नक्षी आणि रंग जितके कमी, तितका चेहरा पुढे येतो. दुपट्यात गुंडाळताना हात आत घेतले तरी चालतं, पण पाय गुडघ्यात वाकून मोकळे हलले पाहिजेत. पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याला ते वाईट. नाळेचा देठ अजून वाळत होता. लंगोट त्याच्या खाली दुमडला आणि देठ दुपट्याच्या घडीत झाकला. फोटोसाठी तो ओढून काढायचा नाही, तो आपण होऊन गळतो.

भाचीला सुपातलं बाळ हवं होतं. सूप घरचं, सुंदर, बांबूचं. मी आधी तांदळाची तीन किलोची पिशवी मागवली, कारण बाळाचं वजन साधारण तेवढंच होतं. सुपात गोधडीची घडी घातली, पिशवी मध्यभागी ठेवली: सूप स्थिर. मग, बाळ पाय झाडून सरकेल तशी, पिशवी चार बोटं काठाकडे सरकवली. समोरचा काठ उचलला गेला. शिवाय विणीतून बांबूची दोन कुसळं वर आलेली होती. सूप परत गेलं. टोपली, परडी, लाकडी पाट, काहीही असो, बाळाच्या वजनाची पिशवी आधी त्यात ठेवून सरकवून पाहावी. पिशवी कलंडली तर बाळही कलंडणार.

हातातली काळ्या मण्यांची मनगटी काढून ठेवली, कारण दोरा तुटला तर मणी सरळ तोंडात जातो. सेफ्टी पिना, टिकल्या लावलेलं कापड, ताजी फुलं हेही बाजूला ठेवलं. फुलांत मुंग्या असतात आणि त्यांवर फवारलेलंही असतं. काजळ-तिटीवरून ताईशी जरा वाद झाला. काजळात शिसं असू शकतं आणि तान्ह्याचा हात डोळ्यांवरून तोंडात जातो, हे सांगितल्यावर तिनं तीट पाळण्याच्या पायाला लावली आणि विषय मिटला.

हनुवटीखालचे हात

आता तो हनुवटी हातांवर टेकवलेला फोटो. तो एक फोटो नसतो, दोन असतात. पहिल्यात मदतनीस बाळाचं डोकं वरून धरतो, दुसऱ्यात मनगटं खालून धरतो. मग संगणकावर दोन्ही जोडून त्याची बोटं पुसली जातात. झोळीत लोंबकळणारी बाळंही बहुतेक अशीच जोडलेली असतात. खरं बाळ गादीवर असतं आणि कुणाचा तरी हात त्याच्यावर. नऊ दिवसांचं बाळ डोकं पेलू शकत नाही. ते हातांवर टेकवलं तर मान पुढे मोडते, हनुवटी छातीला लागते आणि श्वासनलिका दबू शकते. अशा वेळी बाळ रडतही नाही, आणि म्हणूनच धोका लक्षात येत नाही. बाळाला अर्धवट बसवून काढलेल्या फोटोंतही तोच धोका. घरी बाळ पाठीवर झोपलेलंच ठेवावं, किंवा आईबाबांच्या हातांत.

भाचीला हे पटलं, पण ती हिरमुसलीही. मग आम्ही तिलाच खिडकीशी बसवलं. बाळाची मान तिच्या तळहातावर, अंग तिच्या हातावर, आणि फोटोत फक्त तिचे हात आणि बाळाचा चेहरा. त्या दिवसाचा सगळ्यांत चांगला फोटो तो ठरला. आधार देणारा हात लपवण्याऐवजी तोच फोटोत घेतला, एवढंच केलं.

बाकी वेळ नियम एकच होता. फोटो काढणारा सोडून आणखी एक मोठं माणूस बाळापासून हातभर अंतरावर बसणार, आणि त्याच्या हातात मोबाइल नसणार. ते काम भाचेजावयांनी केलं. वरून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात आणि मोबाइलची दोरी भाचीच्या मनगटात होती. तान्ह्याच्या तोंडावर निसटलेला मोबाइल पडणं सहज टळण्यासारखं आहे, पण ते दोरी अडकवल्यावरच टळतं.

मोबाइलमध्ये काय करायचं

आधी लेन्स मऊ कापडानं पुसावी; स्वयंपाकघरातल्या बोटांनी धूसर झालेली लेन्स सगळा स्पष्टपणा घालवते. त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद ठेवावा, नाहीतर कपाळावरची लव आणि बोटांवरच्या सुरकुत्या नाहीशा होतात, आणि त्याच तर दोन महिन्यांनी दिसणार नसतात. फोन अगदी जवळ नेला की नाक मोठं आणि कान लहान येतात. त्याऐवजी दोन-अडीच फूट मागे राहून 2x वापरावं. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की प्रकाश आणि फोकस तिथेच थांबतो, काही फोनवर AE/AF Lock असं दिसतं. श्रावणात ढग सारखे येत-जात होते, म्हणून प्रत्येक ढगानंतर ते पुन्हा दाबावं लागलं. नंतर उजेडाची पट्टी जराशी खाली ओढावी, म्हणजे पांढरं दुपटं जळत नाही. नाइट मोड नको, तो फोटो सावकाश घेतो आणि तेवढ्यात बाळाची बोटं हललेली असतात.

कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास आणि छिद्र f/2.8 ते f/4 ठेवावं. f/1.8 वर इतक्या जवळून पापणी स्पष्ट येते आणि नाक धूसर होतं.

एक गोष्ट घरी गेल्यावर लक्षात आली. फोटोंत दुपटं शुभ्र होतं, पण बाळाचा चेहरा आणि छाती पिवळसर. म्हणजे दोष उजेडाचा नव्हता, रंग त्वचेचाच होता. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अनेक बाळांना कावीळ दिसते आणि बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते. संगणकावर तो पिवळेपणा पुसायला मला दोन मिनिटं लागली असती. त्याआधी मी भाचीला फोन केला. बाळ नीट पीत होतं, जागं होत होतं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची भेट ठरलेलीच होती. त्यांनी तपासून काळजी नाही असं सांगितलं. पिवळेपणा पोट, तळहात-तळपाय इथवर उतरला असेल, किंवा बाळ सुस्त होऊन पीत नसेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खिडकीच्या उन्हात ठेवून कावीळ बरी करण्याच्या भानगडीत पडू नये. फोटोवरून निदानही करू नये. पण फोटोत पिवळं दिसलं तर आधी बाळ पाहावं आणि मग फोटो सुधारावा.

चाळीस मिनिटांत साधारण दीडशे फोटो झाले, त्यांतले अकरा ठेवले. बाळ जागं होऊन भुकेनं रडू लागलं, तिथे काम संपलं. ‘अजून एकच’ असं कुणी म्हटलं नाही. गोधडी, टोपडं, घड्या सगळं बाजूला झालं. तान्ह्याला झोपवायचं ते मोकळ्या, टणक अंथरुणावर, पाठीवर, भोवती उशी-खेळणं काही न ठेवता. फोटोतली मांडणी फोटोपुरतीच. आणि गादी आवरताना आधी बाळ उचलावं, फोटो बरे आलेत का ते मागाहून पाहावं.